खजूर मोजावे कीं तोलावे?

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र आम्हीं मुद्दाम बाजूला काढून ठेविलें होतें. पत्र लिहिणाऱ्या भगिनीची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली आहे; तिला पस्तिसावा आठवडा लागला आहे. सातव्या महिन्यांतील तपासणींत तिच्या रक्तांतली साखर वाढलेली निघाली, आणि तेव्हांपासून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें आहार सांभाळून ती साखर आटोक्यांत ठेवीत आहे. औषध अजून लागलेलें नाहीं. स्वतः पत्रलेखिकेला बारा वर्षांचा मधुमेह असून त्या गोळ्या घेतात. मुलीच्या सासूबाईंनीं दोन किलो उत्तम खजूर पाठविला आहे, आणि सोबत निरोप आहे कीं, शेवटच्या महिन्यांत रोज सहा खजूर खाल्ले म्हणजे बाळंतपण सुखरूप होतें. मुलीच्या मैत्रिणींचाहि हाच आग्रह. उलट शेजारच्या एका गृहस्थांनीं बजावलें कीं, साखर असणाऱ्यानें खजुराकडे पाहूंहि नये. पत्रलेखिका विचारतात : "विहीणबाईंचें मन मोडवत नाहीं, आणि मुलीची साखरहि वाढवावयाची नाहीं. आम्हां दोघींपैकीं कोणीं किती खावे, तें एकदां स्पष्ट सांगावें."

स्पष्ट सांगावयाचें तर प्रथम त्या 'सहा' ह्या आंकड्याचा माग काढला पाहिजे. अरबस्तानांत प्रसूतीच्या वेळीं खजूर देण्याची चाल फार जुनी आहे. प्रसूतिवेदना सोसणाऱ्या मरियमेला खजुरीच्या झाडाचीं पिकलेलीं फळें खावयास सांगितल्याची कथा कुराणांत आहे. ह्या समजुतींत तथ्य किती, हें पाहाण्याचा प्रयत्न जॉर्डन देशांतील संशोधकांनीं केला आणि त्याचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं ६९ गर्भवती स्त्रियांना अपेक्षित तारखेपूर्वींचे चार आठवडे रोज सहा खजूर खावयास सांगितलें, आणि खजूर न खाणाऱ्या ४५ स्त्रियांशीं त्यांची तुलना केली. सहा हा आंकडा घरोघर पोंचला तो मुख्यतः येथून. खजूर खाणाऱ्यांपैकीं शेंकडा ९६ जणींच्या कळा आपोआप सुरू झाल्या. न खाणाऱ्यांत हेंच प्रमाण शेंकडा ७९ होतें. कळांची पहिली, संथ अवस्थाहि खजूर खाणाऱ्यांत सरासरी साडेआठ तासांची भरली, तर दुसऱ्या गटांत ती सुमारें पंधरा तासांची होती.

हे आंकडे वाचून कोणालाहि हुरूप यावा. परंतु ह्या पाहाणींत एक उणीव आहे आणि ती लहान नाहीं. कोणत्या स्त्रीनें खजूर खावा व कोणत्या स्त्रीनें खाऊं नये, हें तेथें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें. जी स्त्री चार आठवडे नेमानें खजूर खाते, ती इतर बाबतींतहि अधिक नेमाची असण्याचा संभव असतो. मग गुण खजुराचा कीं नेमाचा, हें सांगतां येत नाहीं. पुढें मलेशियांत १५४ पहिलटकरणींची वांटणी चिठ्ठी टाकल्याप्रमाणें करून एका गटाला सदतिसाव्या आठवड्यापासून रोज सात खजूर दिले. त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तो बराच माफक आहे. खजुरानें कळा लौकर सुरू झाल्या नाहींत. मात्र सुरू झालेल्या कळा मंदावल्यामुळें औषध देऊन त्या वाढविण्याची पाळी थोड्या कमी स्त्रियांवर आली. खजुरांतील कोणत्या द्रव्यानें हें घडतें, ह्याविषयीं तर्क अनेक आहेत, सिद्ध झालेला एकहि नाहीं.

तेव्हां निरोगी गर्भवतीला आम्ही एवढेंच सांगूं : छत्तिसावा-सदतिसावा आठवडा लागल्यावर रोज सहा लहान खजूर खाण्यास हरकत नाहीं, कदाचित् थोडा लाभहि होईल, पण न खाल्ल्यानें बाळंतपण अडेल अशी भीति कोणीं घालूं नये. चौथ्या-पांचव्या महिन्यापासून हा क्रम धरण्याला ह्या प्रयोगांचा आधार नाहीं. आणि जिचें बाळंतपण शस्त्रक्रियेनें करावयाचें आधींच ठरलें आहे, तिनें तर खजूर केवळ आवडीचें फळ म्हणून खावा. तिच्या बाबतींत ह्या आंकड्याला कांहीं अर्थच उरत नाहीं.

आतां 'लहान खजूर' हे शब्द आम्हीं वर सहज वापरले, पण साऱ्या प्रश्नाची मेख तेथेंच आहे. खजूर म्हणजे कांहीं रुपया नव्हे, कीं एक दुसऱ्यासारखाच असावा. बाजारांत मिळणारा डेगलेट नूर जातीचा बी काढलेला खजूर उणापुरा सात-आठ ग्रॅम भरतो. त्याच दुकानांत सुंदर पेटींत मांडलेला मेजूल हा एकेक चोवीस ग्रॅमपर्यंत भरतो. दोहोंचीहि गणना 'एक खजूर' अशीच होते! ह्या प्रयोगांतून रोजचें प्रमाण साधारणपणें साठ ते ऐंशी ग्रॅमांच्या घरांत येतें. लहान जातीचे सहा घेतले तर ते पन्नास ग्रॅमांच्याहि आंत राहातात. तेच सहा मेजूल घेतले तर वजन जवळजवळ दीडशें ग्रॅम होतें, त्यांत साखर व इतर पिष्ट मिळून शंभर ग्रॅमांहून अधिक असतें, आणि उष्मांक चारशेंच्या घरांत जातात. म्हणजे जेवणाखेरीज आणखी एक जेवणच झालें. विहीणबाईंनीं पाठविलेला खजूर 'उत्तम' आहे असें पत्रांत लिहिलें आहे. उत्तम म्हणजे बहुधा मोठा. तेव्हां आमची पहिली विनंती ही कीं, स्वयंपाकघरांतला वजनाचा कांटा काढावा, दहा खजुरांच्या बिया काढून ते एकत्र तोलावे, आणि दहानें भागून एकाचें वजन डब्यावर चिकटवून ठेवावें. बी काढण्याचा दुसराहि फायदा आहे : आंत कीड किंवा बुरशी असल्यास ती त्याच वेळीं दिसते.

हिशेब ध्यानांत ठेवण्यास सोपा आहे. बिया काढलेल्या पिकल्या खजुराच्या वजनाच्या सुमारें तीन चतुर्थांश भाग शर्करा व पिष्ट असतें. वीस ग्रॅम खजूर म्हणजे पंधरा ग्रॅम शर्करा. मध्यम आकाराच्या एका फुलक्यांतहि साधारण तेवढेंच पिष्ट असतें. म्हणून आम्ही घरच्या हिशेबांत 'तीन लहान खजूर म्हणजे एक फुलका' असें धरावयास सांगतो. मेजूल असेल तर एकच खजूर एका फुलक्याहून थोडा अधिक भरतो. हें एक समीकरण घरांतल्या सर्वांना पाठ झालें म्हणजे पुढचें बरेंचसें सोपें होतें.

येथें एका समजुतीचा निरास केला पाहिजे, कारण खजुराचा आग्रह पुष्कळदां तिच्यावरच उभा असतो. खजुरानें रक्त वाढतें, असें आपल्याकडे घरोघर म्हणतात. शंभर ग्रॅम खजुरांत लोह असतें सुमारें एक मिलिग्रॅम. सहा लहान खजुरांतून अर्धा मिलिग्रॅमहि मिळावयाचें नाहीं. आणि सरकारी दवाखान्यांतून गर्भवतीला जी लोहाची गोळी मिळते तींत साठ मिलिग्रॅम लोह असतें. तेव्हां खजूर खातें म्हणून गोळी सोडणाऱ्या मुलीला आईनें वेळींच अडवावें. गोळीवर चहा न घेतां लिंबाचें पाणी घ्यावें, म्हणजे लोह अंगीं लागण्यास मदत होते. खजुराचा खरा उपयोग त्यांतील चोथ्याचा. लोहाच्या गोळ्यांनीं होणारा मलावरोध कमी होण्यास तो साहाय्य करतो. परंतु तें काम पालेभाजी, पेरू आणि भरपूर पाणी ह्यांनींहि होतें, आणि त्यांत साखरेचा प्रश्न येत नाहीं.

आतां पत्रलेखिकेच्या मुलीकडे वळूं. आपल्याकडे गर्भवतीला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून पाजून दोन तासांनीं रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरली तर तिला गर्भावस्थेतला मधुमेह आहे असें समजतात. गर्भाशयांतील वारेंतून निघणाऱ्या द्रव्यांमुळें आईच्या शरीरांतील इन्शुलिनचा प्रभाव कमी पडूं लागतो, आणि दिवस भरत येतात तसा तो अधिक कमी पडतो. आईच्या रक्तांतली जादा साखर वारेंतून बाळाकडे जाते. आईचें इन्शुलिन मात्र तिकडे जात नाहीं. मग तें बाळ स्वतःच्या शरीरांत जादा इन्शुलिन तयार करतें, त्या साखरेचा मेद करतें आणि प्रमाणाबाहेर वाढतें. असें मूल जन्मतांना खांद्याशीं अडकण्याचें भय असतें. शिवाय नाळ कापतांच आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचें जादा इन्शुलिन कांहीं काळ तसेंच चालू राहातें; त्यामुळें जन्मानंतरच्या पहिल्या तासांत बाळाची साखर एकाएकीं खालीं जाऊं शकते. सुखरूप बाळंतपणासाठीं म्हणून दिलेला खजूर जर आईची साखर रोज चढवीत असेल, तर तो नेमका उलट दिशेनें काम करीत असतो. कळा थोड्या सुलभ होण्याची आशा अनिश्चित आहे. साखर आटोक्यांत ठेविल्याचा लाभ निश्चित आहे. दोहोंत निवड करावयाची झाली तर ती अवघड नाहीं.

असें असूनहि 'खजूर वर्ज्य' असें आम्ही म्हणत नाहीं. आहारावरच साखर सांभाळणाऱ्या गर्भवतीनें दिवसांतून दोन लहान खजूर, म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम, घेऊन पाहावे. मोठी जात असेल तर अर्ध्यापासून सुरुवात करावी. ते कधीं घ्यावे, ह्याला संख्येइतकेंच महत्त्व आहे. सकाळीं उठल्याबरोबर उपाशीं पोटीं खजूर खाण्याची जी पद्धति कित्येक घरीं आहे, ती अशा मुलीसाठीं सर्वांत वाईट. कारण गर्भावस्थेंत इन्शुलिनचा प्रभाव सकाळींच सर्वांत कमी असतो, आणि दुपारीं सोसणारा घांस सकाळीं सोसत नाहीं. खजूर घ्यावा तो दुपारीं चारच्या सुमारास, कपभर बिनसाखरेच्या दुधाबरोबर किंवा पांच-सात बदामांबरोबर; आणि त्या दिवशीं दुसरें फळ त्या वेळेला घेऊं नये. दूध व बदाम ह्यांतील प्रथिनें आणि स्निग्धांश ह्यांमुळें साखर रक्तांत सावकाश उतरते.

सोसतो कीं नाहीं हें तोंडानें सांगतां येत नाहीं, यंत्रानें सांगतां येतें. घरीं बोटाच्या थेंबावर साखर पाहाण्याचें ग्लुकोमीटर असेलच. डॉक्टर अशा स्त्रीसाठीं बहुधा उपाशीं पोटीं ९५ च्या आंत आणि खाल्ल्यावर दोन तासांनीं १२० च्या आंत ही मर्यादा ठेवितात. उदाहरणासाठीं आम्ही कांहीं आंकडे कल्पून दाखवितों. पहिल्या दिवशीं खजूर न घेतां चार वाजतां नेहमींचें दूध आणि एक सफरचंद घेतलें, आणि सहा वाजतां साखर १०६ भरली, असें समजा. दुसऱ्या दिवशीं सफरचंदाऐवजीं दोन लहान खजूर घेतले आणि सहा वाजतां ११० आली. हें ठीक, एक दिवसाचा आंकडा हा पुरावा नव्हे, म्हणून आणखी दोन दिवस तसेंच करून पाहावें. तिन्ही दिवस १२० च्या आंत राहिलें तर दोन खजूर तिला सोसतात असें म्हणावें. आतां पांचव्या दिवशीं घरीं पाहुणे आले, दुधाऐवजीं साखरेचा चहा झाला, सोबत दोन बिस्किटें आणि आग्रहानें चार खजूर. सहा वाजतां १४१. येथें दोष खजुराचाच कीं बिस्किटांचा, ह्याचा वाद घालीत बसूं नये. त्या वेळच्या खाण्यांत एकंदर शर्करा किती गेली हें पाहावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां दोन खजूर व दूध ह्यांवर यावें. दोन खजुरांवरच आंकडा वारंवार १२० च्या वर जात असेल, तर एक करावा. एकावरहि जात असेल, तर सोडून द्यावा आणि डॉक्टरांना कळवावें, कारण मग एकंदर आहारच पुन्हां पाहाण्याची वेळ आली आहे. ज्या मुलीला इन्शुलिन चालू आहे तिनें डॉक्टरांस विचारल्यावांचून हा प्रयोगहि करूं नये.

ह्या तपासणींत एक गंमतीची पण त्रासदायक चूक होते. खजूर हातानें सोलून, बी काढून खाल्ला, आणि तेंच बोट टोंचून थेंब घेतला, कीं बोटाला लागलेला चिकटा त्या थेंबांत मिसळतो आणि यंत्र भलताच मोठा आंकडा दाखवितें. घरांत धांदल उडते, मुलगी रडूं लागते, रात्रीचें जेवण बंद होतें. अशा वेळीं साबणानें हात धुवावे, चांगले कोरडे करावे, आणि पुन्हां एकदां पाहावें. ओलें बोटहि नको, कारण पाण्यानें थेंब पातळ होऊन आंकडा खोटा कमी येतो.

पत्रलेखिकेच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येतों. शेजारच्या गृहस्थांचें म्हणणें अगदींच निराधार आहे असें नाहीं, पण तें अतिरेकाचें आहे. संयुक्त अरब अमिरातींतील अल ऐन येथें २०११ सालीं पांच जातींच्या खजुरांची परीक्षा झाली. खजूर खाल्ल्यावर रक्तांतली साखर किती वेगानें चढते ह्याचें माप निरोगी माणसांत ४६ ते ५५ आणि मधुमेह्यांत ४३ ते ५३ असें निघालें. शुद्ध ग्लुकोजचें माप १०० धरलेलें असतें. इतक्या गोड फळाचें हें माप अपेक्षेपेक्षां पुष्कळच कमी आहे. पण हें माप वेगाचें आहे, परिमाणाचें नव्हे. सावकाश चालणाऱ्या गाडींतहि माल फार भरला तर तो शेवटीं दारांत येऊन पडतोच.

बहारीनमध्यें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला दुसरा एक प्रयोग मधुमेह्यांना अधिक उपयोगी आहे. त्यांत मधुमेहाच्या रुग्णांपैकीं कांहींना सोळा आठवडे सकाळीं तीन व सायंकाळीं तीन असे खजूर दिले, आणि इतरांना तितक्याच प्रमाणांत मनुका दिल्या. शेवटीं तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणाऱ्या तपासणींत दोन्ही गटांत फरक आढळला नाहीं. ह्यावरून 'मधुमेह्यानें रोज सहा खजूर खुशाल खावे' असें म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. त्यांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी : तुलना मनुकांशीं होती, कांहींच न खाण्याशीं नव्हे. मनुका हेंहि वाळलेलें गोड फळच. खजूर हा मनुकांहून वाईट नाहीं, आणि वांटून घेतलेले थोडे खजूर साखर भडकवीतच असतील असें नाहीं, एवढेंच त्यावरून म्हणतां येतें.

म्हणून ज्यांची साखर आटोक्यांत आहे, अशा मधुमेह्यांना आम्ही रोज दोन, फार तर तीन लहान खजूर ही मर्यादा सुचवितों. ते एकदम न घेतां दोन वेळां वांटून घ्यावे, आणि ज्या जेवणाबरोबर घेतले त्यांतला एक फुलका किंवा तेवढा भात कमी करावा. ही वजाबाकी केली नाहीं तर खजूर औषधाच्या वेष्टनांत आलेली मिठाईच होय. पत्रलेखिकेनेंहि मुलीप्रमाणेंच खाण्यापूर्वीं व दोन तासांनीं साखर पाहावी. दोहोंतला फरक साठ-सत्तरच्या वर जाऊं लागला तर संख्या कमी करावी. ज्यांची साखर मुळांतच फार चढलेली आहे, त्यांनीं ती उतरेपर्यंत खजुराला हात लावूं नये. आणि ज्यांच्या मूत्रपिंडांवर मधुमेहाचा परिणाम झाला आहे, त्यांच्यासाठीं प्रश्न साखरेचा राहात नाहीं. खजुरांत पोटॅशियम भरपूर असतें, तें त्यांना बाधूं शकतें, म्हणून त्यांनीं डॉक्टरांच्या अनुज्ञेशिवाय एकहि खाऊं नये.

मधुमेह्यांच्या घरीं खजूर उघडपणें जितका जातो त्याहून अधिक लपून जातो. एकादशीच्या फराळांत साबूदाण्याची खिचडी, उकडलेलें रताळें आणि शेवटीं 'फळ म्हणून' मूठभर खजूर. ह्या ताटांत वरपासून खालपर्यंत पिष्टच पिष्ट असतें. त्या दिवशीं खजूर घ्यावयाचा असेल तर खिचडी सोडून दही, शेंगदाणे आणि दोन खजूर असा फराळ करावा. दुधांत पांच-सहा खजूर वाटून केलेलें पेय मुलांना शोभतें, मधुमेह्याला नाहीं : चावावें लागत नाहीं म्हणून किती गेले हें कळत नाहीं, आणि वाटलेलें लौकर पचतें. भेळेवरच्या आंबटगोड चटणींतहि खजूर आणि बहुधा गूळ दोन्ही असतात. 'साखर अजिबात नाहीं, फक्त खजूर' असें लिहिलेली बर्फी हल्लीं दुकानांत मिळते. लिहिणारा खोटें बोलत नाहीं. पण यंत्राला साखर उसाची कीं खजुराची हें ओळखतां येत नाहीं.

खारीक हा खजुराचाच वाळलेला भाऊ. तींतलें पाणी गेलेलें असल्यामुळें त्याच वजनांत शर्करा अधिक येते, आणि पूड केल्यावर तर वजनाचा अंदाजच राहात नाहीं. ही गोष्ट बाळंतपणानंतर महत्त्वाची ठरते, कारण खारकेची पूड, सुकें खोबरें, डिंक आणि गूळ ह्यांचे लाडू आतांपासूनच कोणाच्या तरी घरीं वळले जात असतील. गर्भावस्थेंत वाढलेली साखर वार पडल्यावर बहुतेक स्त्रियांत लौकरच खालीं येते. म्हणून पत्रलेखिकेच्या मुलीला बाळंतपणानंतर डिंकाचा लाडू मुळींच देऊं नये, असें नाहीं. परंतु लाडू लहान वळावा, गूळ अर्ध्यावर आणावा, दिवसाला एकच द्यावा, आणि पहिल्या आठवड्यांत डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें साखर पाहावी. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं ग्लुकोज पिऊन करावयाची तपासणी पुन्हां करावी लागते. बाळाच्या बारशाच्या गडबडींत ती विसरली जाते, असा अनुभव आहे. आणि ज्या स्त्रीला गर्भावस्थेंत मधुमेह झाला तिला पुढें कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतरांपेक्षां पुष्कळ अधिक असतो. म्हणून ती तारीख आजच दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी.

राहिला विहीणबाईंचा दोन किलो खजूर. लहान जातीचा असेल तर त्यांत अडीचशेंच्या आसपास खजूर निघतील. मुलीचे रोज दोन आणि आईचे दोन धरले तरी दोन महिने पुरून उरतील. बरणींत घट्ट झांकून थंड जागीं किंवा फ्रीजमध्यें ठेवावे. आणि विहीणबाईंस पत्र लिहावें कीं, खजूर पोंचला, मुलगी रोज घेते. किती घेते, तें त्यांनीं विचारल्यास यंत्रावरचे आंकडे दाखवावे. ते त्यांनाहि पटतील, कारण नातवंड त्यांचेंहि आहे.